रिकामी जागा कशासाठी?

भिवंडी तालुक्यात पूर्णा, राहनाळ, वळ, काल्हेर ही गावे आता गावे कमी आणि गोडाऊनांच्या रांगा जास्त झाली आहेत. त्यातल्याच एका गोडाऊनमध्ये सकाळी पावणेआठला डॉकजवळ वीसेक माणसे अर्धवर्तुळात उभी आहेत. कुणाच्या हातात चहाचा कागदी कप, कुणाच्या तोंडात अजून नाश्त्याचा घास. शिफ्ट सुरू व्हायच्या आधी सात-आठ मिनिटांचे हे बोलणे असते. कारखान्यांत आणि गोडाऊनांत त्याला ‘टूलबॉक्स टॉक’ म्हणतात. एरवी हेल्मेट, बूट, मोबाइल यांवरच ते उरकते. आज मात्र सुपरवायझर एक टेप घेऊन आला आहे, मोजायची.

“या गोडाऊनमध्ये फुकट पडलेली जागा कुठे कुठे आहे, सांगा बघू,” तो विचारतो.

उत्तरे पटापट येतात. चार्जिंगचा कोपरा. थप्पीच्या वर, पत्र्याखाली. आणि मागच्या दारापर्यंतची गल्ली. भाडे चौरस फुटावर मोजले जाते, त्यामुळे रिकामी फरशी दिसली की गोडाऊनवाल्याचा जीव खालीवर होतो आणि हमालाला माल टेकवायला सोय दिसते. सुपरवायझरला नेमक्या या तीन जागांबद्दलच बोलायचे आहे.

तो आधी सगळ्यांना चार्जिंगच्या कोपऱ्यात नेतो. चार बॅटरीवाल्या फोर्कलिफ्ट तिथे रात्रभर चार्जिंगला लावलेल्या असतात. गेल्या पावसाळ्यात वाऱ्याबरोबर पाणी आत येऊन चार्जर भिजायचे, म्हणून कुणीतरी चांगल्या हेतूने त्या कोपऱ्याला चारी बाजूंनी पत्रे ठोकले आणि वरूनही झाकले. पाच मीटर लांब, चार मीटर रुंद, तीन मीटर उंच अशी नेटकी खोली झाली. सुपरवायझरची आजची तक्रार या नेटकेपणाबद्दल आहे.

या फोर्कलिफ्टमध्ये शिसे आणि सल्फ्युरिक ॲसिडची बॅटरी असते. ४८ व्होल्टची असेल तर तिच्यात २४ सेल असतात. चार्जिंगच्या सुरुवातीच्या तासांत ती जवळजवळ सगळी वीज पोटात घेते. भरत आली की ती जास्तीची वीज सेलमधले पाणी फोडायला लागते आणि हायड्रोजन व ऑक्सिजन बुडबुड्यांनी बाहेर येतात. झाकण उघडून कान लावला तर भात शिजल्यासारखा बारीक आवाज येतो. संध्याकाळी आठला लावलेल्या बॅटरीत हे पहाटे तीन-चारला चालू असते. तेव्हा तिथे बहुधा कुणीच नसते.

किती हायड्रोजन? याचा हिशेब शाळेतल्या रसायनशास्त्राइतकाच सोपा आहे. भरलेल्या बॅटरीत एक अँपिअर वीज तासभर गेली तर एका सेलमधून साधारण ०.४२ लिटर हायड्रोजन निघतो. ५०० अँपिअर-तासांच्या बॅटरीला शेवटच्या टप्प्यात २५ अँपिअर जात असतील, तर २४ सेल मिळून तासाला अडीचशे लिटर होतात, म्हणजे पाव घनमीटर. चार फोर्कलिफ्टचा मिळून तासाला एक घनमीटर. हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की मिश्रण पेट घेऊ शकते. त्या पत्र्याच्या खोलीत ६० घनमीटर हवा मावते. तिचे ४ टक्के म्हणजे २.४ घनमीटर. खोली खरोखरच हवाबंद असती तर अडीच तासांत ती त्या टोकाला पोचली असती.

प्रत्यक्षात पत्र्यांना फटी असतात, तेवढा गॅस शेवटपर्यंत सुटतही नाही. पण उलट बाजूही आहे. हायड्रोजन हवेपेक्षा चौदा पट हलका असल्यामुळे तो आधी छताखाली जमतो. पूर्ण खोली भरायची त्याला गरज नसते. वरचा हातभर थर पुरतो, आणि ट्यूबलाइट नेमकी तिथेच असते. त्याला वास नाही, रंग नाही. बॅटरीजवळ सडक्या अंड्यासारखा वास आलाच तर तो हायड्रोजनचा नव्हे. बॅटरी तापून किंवा जास्त चार्ज होऊन बिघडल्याची ती खूण असते. अशा वेळी चार्जर बंद करून मेकॅनिकला बोलवायचे.

म्हणून हायड्रोजन एक टक्क्याच्या आत ठेवायचा असतो. त्यासाठी अशा एका बॅटरीला तासाला २५ घनमीटर ताजी हवा लागते. उघड्या, उंच गोडाऊनमध्ये ती आपोआप मिळते. पत्र्याची खोली नसती तर या हिशेबाची वेळच आली नसती. सुपरवायझर वरचे दोन पत्रे आजच काढायला सांगतो. चार्जर भिजू नयेत म्हणून बाजूचे राहू देतो.

मग एक तरुण ड्रायव्हर चार्जिंग चालू असतानाच खसकन प्लग उपसून दाखवतो. रोज असेच करतो म्हणे. सुपरवायझर त्याचा हात धरतो. “आधी चार्जरचं बटण बंद, मग प्लग. चालू करंट तोडलास तर ठिणगी पडणार. ती नेमकी बॅटरीच्या तोंडाशी पडते, दादा.” हायड्रोजन पेटवायला लागणारी ठिणगी इतकी क्षुल्लक असते की ती डोळ्यांना दिसेलच असे नाही. पाणी घालण्याचीही तीच गत. डिस्टिल्ड वॉटर चार्जिंगनंतर घालायचे, कारण चार्ज होताना आतले ॲसिड फुगून वर येते. आधीच काठोकाठ भरले तर ते सांडते. प्लेटा उघड्या पडल्या असतील तरच आधी त्या बुडतील एवढे पाणी घालायचे.

सांडलेले ॲसिड टिपायला कुणीतरी बॅटरीखाली पुठ्ठा अंथरला आहे. शेजारी मोडलेल्या खोक्यांची रद्दी भिंतीला टेकवून ठेवली आहे, छातीपर्यंत. भंगारवाला शनिवारी येतो आणि तोवर ती ठेवायला दुसरी ‘रिकामी’ जागा नाही.

इथे तो जपानमधल्या एका गोडाऊनची गोष्ट सांगतो. १६ फेब्रुवारी २०१७ रोजी टोकियोजवळ सैतामा प्रांतातल्या मियोशी गावात आस्कुल या कंपनीच्या प्रचंड गोडाऊनला आग लागली. कंपनी कार्यालयीन सामान घरपोच पाठवते, त्यामुळे खोकी अमाप. आग सुरू झाली ती तळमजल्यावरच्या रद्दी पुठ्ठ्याच्या खोलीत. तिथे फोर्कलिफ्टने पुठ्ठा ढकलला जात होता. ती बॅटरीची नव्हे, इंजिनवाली होती, आणि तिच्यामुळेच पुठ्ठा पेटल्याचे पुढे मानले गेले. आग पूर्ण विझायला २८ फेब्रुवारी उजाडली. सुमारे ४५,००० चौरस मीटर जागा जळाली. आग एका भागातच अडावी म्हणून बसवलेली अनेक शटरे खाली उतरलीच नाहीत. काहींच्या वायरिंगमध्ये बिघाड झाला होता, तर काहींच्या खाली कन्व्हेयर आणि माल आडवा आला होता.

“शटर होतं, पण उतरायला जागा नव्हती,” एवढेच तो म्हणतो. मराठीत सांगून झाले की तेच हिंदीत सांगतो, कारण समोरची निम्मी माणसे बिहार-उत्तर प्रदेशातली आहेत.

पुठ्ठा का इतका लवकर पेटतो, हे समजायला एक खोके फाडावे लागते. तो फाडतोच. दोन सपाट कागदांच्या मध्ये नागमोडी कागद आणि त्याच्या घड्यांमध्ये हवा. पातळ कागद आणि जवळच हवा, म्हणजे चुलीत घालायच्या चिपाडांसारखेच. त्यातून थप्पी उभी असते आणि आग वर चढते. दोन थप्प्यांमधली उभी फट धुराड्यासारखे काम करते. खालचे खोके पेटले की वरची खोकी तापवायचे काम तीच ज्वाळा करते.

त्यामुळे थप्पीच्या डोक्यावरची जागा महत्त्वाची ठरते. छताला लावलेले स्प्रिंकलर पाणी छत्रीसारखे पसरवतात. छत्री उघडायला खाली जागा लागते. साध्या स्प्रिंकलरखाली किमान ४५ सेंटिमीटर मोकळे हवेत, म्हणजे बरोबर एक हात, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत. मोठ्या थेंबांचा झोत मारणारे, उंच गोडाऊनमधले स्प्रिंकलर असतील तर दोन हात. सुपरवायझर शिडीवर चढून टेप लावतो. तिसऱ्या रांगेतली थप्पी स्प्रिंकलरपासून वीतभरच खाली आहे. तिथले पाणी त्या एका खोक्यावर पडेल आणि शेजारची रांग कोरडी राहील.

वरचा एक थर उतरवायला तो सांगतो तेव्हा एक वयस्क हमाल कुरकुरतात. “साहेब, मग हा माल ठेवायचा कुठं?” प्रश्न रास्त आहे, आणि सुपरवायझरकडेही त्याचे पूर्ण उत्तर नाही. पण काकांनाच ठाऊक असलेली एक गोष्ट तो त्यांना आठवून देतो. पावसाळ्यात थप्पी तशीही कमी उंच लावावी लागते. खोक्याचे वजन त्याचे चार कोपरे पेलतात आणि दमट हवेत पुठ्ठा मऊ पडला की ते कोपरे बसतात. सगळ्यात खालच्या खोक्याचे पोट फुगले, किंवा थप्पी एका बाजूला कलायला लागली, की ती पडण्याच्या तयारीत आहे. पडली तर पडणार कुठे? गल्लीत.

आणि गल्ली म्हणजे तिसरी रिकामी जागा.

मागच्या आपत्कालीन दाराकडे जाणाऱ्या गल्लीच्या दोन्ही कडांना पिवळे पट्टे आहेत. त्या पट्ट्यांच्या आत सहा पॅलेट उभी आहेत. कुणी ठेवली, हे कुणालाच माहीत नाही. पाचच मिनिटांसाठी ठेवली होती, एवढे मात्र सगळ्यांना माहीत आहे. सुपरवायझर वाद घालत नाही. तो एका पोऱ्याला डोळे मिटून, वाकून, भिंतीला हात लावत दाराकडे जायला सांगतो, कारण पुठ्ठ्याचा धूर दाट असतो आणि दिसत नाही. पोऱ्या दुसऱ्याच पॅलेटला धडकतो आणि सगळे हसतात. तो पुन्हा निघतो, पॅलेटला वळसा घालतो आणि भलत्याच गल्लीत शिरतो. आता हसू थोडे कमी होते.

दिल्लीच्या अनाज मंडीतली ८ डिसेंबर २०१९ची पहाट तो एका वाक्यात सांगतो. बॅगा आणि पुठ्ठ्याचे काम चालणाऱ्या त्या इमारतीत, कामाच्या जागीच झोपलेले ४३ कामगार दगावले आणि बहुतेकांचा जीव धुराने गुदमरून गेला.

महाराष्ट्रात २००६च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचा दाखला जानेवारीत आणि जुलैत, असा वर्षातून दोनदा द्यावा लागतो. तो दाखला ऑफिसात फ्रेम करून लावलेला आहे. फ्रेममधल्या तारखेनंतर गल्लीत आलेली पॅलेट अर्थातच त्यात नाहीत.

आठ वाजून पाच मिनिटे झाली आहेत. बाहेर दोन ट्रक हॉर्न वाजवत आहेत. मघाचाच ड्रायव्हर फोर्कलिफ्ट आणतो आणि सहाही पॅलेट चार मिनिटांत हलवतो. सुपरवायझर दाराचा आडवा दांडा दाबतो. गंजलेला दांडा आधी हलत नाही, मग खांद्याने रेटल्यावर दार वीतभर उघडते आणि थांबते. बाहेर दाराला चिकटून एक टेम्पो उभा आहे. फटीतून त्याचा नंबर दिसेना, म्हणून सुपरवायझर टेप खिशात घालून पुढच्या गेटने वळसा घालत ड्रायव्हर शोधायला निघतो.