वजनकाट्याआधीची रात्र

किशोर गटाच्या कबड्डी निवड चाचणीत मुलाचं वजन ठरलेल्या मर्यादेच्या आत लागतं. आदल्या संध्याकाळी काटा तीनशे ग्रॅम जास्त दाखवतो आणि घाबरलेला पोरगा जेवण सोडतो, पाणी तोडतो, स्वेटर घालून धावत सुटतो. हे अगदी चुकीचं आहे. घामावाटे जातं ते पाणी. मग सकाळी लघवी गडद पिवळी होते, दुसऱ्या-तिसऱ्या चढाईतच दम लागतो, पोटऱ्यांत गोळे येतात. खरं तर झोपेतला श्वास, घाम आणि सकाळची लघवी यांतूनच तीनचारशे ग्रॅम सहसा उतरतात. म्हणून रात्री आठच्या आत साधा वरणभात खावा, तहानेपुरतं पाणी प्यावं. पापड-लोणचं तेवढं टाळावं, कारण मीठ शरीरात पाणी धरून ठेवतं.

झोप येत नसेल तर कूस बदलत घड्याळ पाहू नये. उठून मंद उजेडात बसावं आणि श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यावा. धडधड कमी होते. एका रात्रीच्या अपुऱ्या झोपेनं पायांतली ताकद फारशी जात नाही, हे मुलाला आधीच सांगून ठेवा. वजन झालं की लगेच पाणी आणि केळं. काटा किलोभर पुढे असेल, तर मात्र त्याला वरच्या गटातच उतरवा.