अश्वगंधा : ताण, झोप आणि यकृत

अश्वगंधा हे वांगी, बटाटा, टोमॅटो यांच्या कुळातले कंबरेएवढे वाढणारे झुडूप. मराठीत त्याला आस्कंदही म्हणतात. औषधात वापरतात ती त्याची मुळी. वाळलेली चांगली मुळी वाकवली तर कडकन मोडते आणि आतून पांढरट, पिठूळ दिसते. मध्य प्रदेशातल्या नीमच-मंदसौर पट्ट्यात तिची मोठी लागवड होते. मुळीचे ३ ते ६ ग्रॅम चूर्ण दुधातून घेण्याची रीत जुनी आहे. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या कॅप्सूलमध्ये मात्र बहुधा चूर्ण नसून अर्क असतो, आणि ताण-झोपेच्या बहुतेक आधुनिक चाचण्याही अर्कावरच झाल्या आहेत. अर्काचा जोर त्यातल्या विथॅनोलाइड नावाच्या द्रव्यांवरून मोजतात. बाटलीवर ‘३०० मिलिग्रॅम अर्क, ५ टक्के विथॅनोलाइड’ असे लिहिलेले असेल, तर एका कॅप्सूलमध्ये १५ मिलिग्रॅम विथॅनोलाइड आहेत असा त्याचा अर्थ. चमचाभर चूर्णाला हा हिशेब लावता येत नाही. म्हणून अर्काच्या चाचणीचा निष्कर्ष चूर्णाच्या डब्यावर छापणे ही निव्वळ विक्रीची हुशारी ठरते.

ताणाबाबत सर्वांत जास्त सांगितली जाते ती २०१२ साली प्रसिद्ध झालेली हैदराबादची चाचणी. दीर्घकाळ ताणाखाली असलेल्या ६४ प्रौढांचे दोन गट केले. एका गटाला मुळीचा ३०० मिलिग्रॅम अर्क दिवसातून दोनदा, ६० दिवस दिला. दुसऱ्याला तशाच दिसणाऱ्या, पण औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. आपल्याला कोणती गोळी मिळते हे घेणाऱ्याला ठाऊक नव्हते. प्रश्नावलीने मोजलेला ताण अश्वगंधेच्या गटात ४४ टक्के उतरला, दुसऱ्या गटात अवघा साडेपाच टक्के. ताणाशी निगडित असलेले कॉर्टिसॉल हे संप्रेरकही रक्तात सुमारे २८ टक्क्यांनी कमी झाले. निरौषध गोळीवाल्यांत ही घट ८ टक्के होती.

आकडे डोळे दिपवणारे आहेत, पण शंका येते ती दुसऱ्या गटामुळे. कुणीतरी विचारपूस करते आहे, औषध चालू आहे, एवढ्यानेही माणसाला बरे वाटते. त्यामुळे निरौषध गोळी घेणाऱ्यांचा ताणही एरवी बराच उतरतो. २०१९ च्या ६० जणांच्या दुसऱ्या एका चाचणीत हे दिसते. तिथे वेगळा, अधिक तीव्र अर्क रोज २४० मिलिग्रॅम दिला होता. चिंतेचे माप अश्वगंधेने ४१ टक्के घटले आणि निरौषध गोळीनेही २४ टक्के. म्हणजे मिळालेल्या आरामातला निम्म्याहून अधिक वाटा गोळीत काही नसतानाही मिळाला असता. उरलेला फरक खरा दिसतो, पण बेताचा.

झोपेचे चित्रही असेच आहे. नवी मुंबईच्या संशोधकांनी २०१९ साली निद्रानाशाच्या ६० रुग्णांवर केलेल्या चाचणीत ४० जणांना रोज ६०० मिलिग्रॅम अर्क आणि २० जणांना निरौषध गोळ्या दहा आठवडे दिल्या. झोप मनगटावरच्या यंत्राने मोजली, त्यामुळे केवळ रुग्णाच्या सांगण्यावर भिस्त नव्हती. शेवटी अंथरुणावर पडल्यापासून झोप लागायला अश्वगंधेच्या गटात सरासरी २९ मिनिटे लागत होती, दुसऱ्या गटात ३४. अंथरुणातल्या वेळापैकी प्रत्यक्ष झोपेचा वाटा दोन्ही गटांत सुरुवातीला ७५ टक्क्यांच्या आसपास होता. तो अनुक्रमे साडेत्र्याऐंशी आणि जवळपास ८० टक्क्यांवर गेला. रात्री आठ तास अंथरुणात असणाऱ्या माणसाच्या भाषेत सांगायचे, तर सहा तासांची झोप अश्वगंधेने ६ तास ४० मिनिटांवर आणि निरौषध गोळीने ६ तास २२ मिनिटांवर आली. औषधाची स्वतःची कमाई पावएक तासाची. पाच चाचण्यांतल्या ४०० जणांची माहिती एकत्र करून २०२१ मध्ये झालेल्या विश्लेषणाचा निष्कर्षही हाच होता : परिणाम लहान, पण आहे, आणि तो निद्रानाश असलेल्यांत, रोज ६०० मिलिग्रॅम किंवा अधिक मात्रेत व किमान आठ आठवडे घेतल्यावर जास्त दिसतो. आज रात्री घेतली आणि आजच झोप लागली, असे हे औषध नव्हे.

या चाचण्या छोट्या आहेत, बहुतेक दोन-तीन महिन्यांत आटोपलेल्या आहेत आणि अनेकींसाठी कॅप्सूल किंवा पैसा अर्क बनवणाऱ्या कंपन्यांकडून आला आहे. आणखी एक गोष्ट सहसा कुणी वाचत नाही : कुणाला घेतले नाही त्यांची यादी. गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, जुनाट आजाराचे आणि इतर औषधे चालू असलेले रुग्ण यांना अशा चाचण्यांतून सहसा वगळतात. म्हणजे ‘सुरक्षित’ हा शिक्का बसतो तो धडधाकट माणसांवरच्या अनुभवातून.

धोक्यांत सर्वांत गंभीर यकृताचा, जरी तो क्वचितच होतो. आइसलँड आणि अमेरिकेतल्या पाच रुग्णांची नोंद २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. अश्वगंधा सुरू केल्यावर दोन ते बारा आठवड्यांत त्यांना कावीळ झाली, अंगाला खाज सुटली. औषध थांबवल्यावर ते बरे झाले, पण त्यात काही महिने गेले. भारतातली २०२३ ची नोंद अधिक काळजीची आहे. त्यात केवळ अश्वगंधा घेतलेल्या आठ रुग्णांपैकी पाच जणांना आधीपासून यकृताचा जुनाट आजार होता, आणि त्यांतले तिघे दगावले. सिऱ्हॉसिस किंवा यकृताचा कोणताही जुना आजार असलेल्यांनी ही मुळी टाळावी, यात दुमत होण्याचे कारण नाही.

थायरॉइडचा धोका उलट्या बाजूने समजतो. थायरॉइड किंचित मंदावलेल्या ५० जणांना २०१८ च्या चाचणीत रोज ६०० मिलिग्रॅम अर्क किंवा निरौषध गोळी आठ आठवडे दिली, तेव्हा अर्क घेणाऱ्यांची थायरॉइड संप्रेरके वाढली. कुणाला हा गुण वाटेल. पण थायरॉइड आधीच जास्त काम करत असेल, किंवा कमतरतेसाठी थायरॉक्सिनची गोळी मोजून ठरवलेली असेल, तर हीच वाढ छातीत धडधड, हाताला कंप आणि उडालेली झोप घेऊन येते. झोपेसाठी घेतलेले औषध झोपच घालवते आहे, हे मग चटकन लक्षातही येत नाही.

गर्भवतींनी ती घेऊ नये. गर्भपाताची शंका आणि संप्रेरकांवरचा परिणाम यांवरून डेन्मार्कने २०२३ मध्ये अश्वगंधेवर बंदीच घातली. भारतीय तज्ज्ञांना हा निर्णय टोकाचा वाटतो, तरी गर्भारपणाबाबतची सावधगिरी इथेही पाळली जाते. स्तनपान करणाऱ्या स्त्रियांनाही ती सुचवत नाहीत. संधिवातासारखे स्वप्रतिकारक आजार असलेल्यांनी आणि प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांनी ती टाळावी. झोपेच्या, फिटच्या, मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबर ती गुंगी वाढवू शकते, साखर किंवा दाब जास्त खाली नेऊ शकते. टेस्टोस्टेरॉन वाढण्याची शक्यता असल्याने प्रोस्टेटचा कर्करोग असलेल्यांनीही दूर राहावे.

विकत घेताना लेबलवर ‘मुळी’ हा शब्द शोधावा. पाने स्वस्त पडतात आणि त्यांनी विथॅनोलाइडचा आकडा फुगवता येतो. म्हणून २०२१ मध्ये आयुष मंत्रालयाने उत्पादकांना पाने न वापरण्याची सूचना केली होती. घेणाऱ्याला पोट बिघडणे, मळमळ, सुस्ती हे त्रास होऊ शकतात. ते बहुधा सौम्य असतात. मात्र लघवी गडद पिवळी होणे, अंगभर खाज, डोळे पिवळे दिसणे यांपैकी काहीही आढळले, तर त्याच दिवशी कॅप्सूल बंद करून यकृताची रक्ततपासणी करावी, आणि डॉक्टरांना दाखवायला बाटली सोबत न्यावी.