खोक्यावरचा महिना आणि पत्र्याखालचा उन्हाळा

आखातात कामाला असलेला भाचा सुट्टीवर येताना औषधांची पिशवी आणतो. धुण्याभांड्याच्या घरची बाई "तुमच्या लोकांत कुणाला उपयोगी पडतील" म्हणून कपाट रिकामे करून देते. शिबिर उरकल्यावर दोन-चार खोकी मागे राहतात. अशा वाटांनी विहाराच्या औषधपेटीत कधी कधी दोन वस्तू येतात, ज्या पुष्कळांनी आधी पाहिलेल्या नसतात. एक असते जाड पेनासारखी नळी. दुसरी असते नारिंगी रंगाची कडक प्लास्टिकची डबी. दोन्ही महाग, दोन्ही जीव वाचवणाऱ्या, आणि दोन्ही चुकीच्या जागी ठेवल्यामुळे वाया जाणाऱ्या. त्यांच्या अंगावर काय लिहिलेले असते, एवढेच या वेळी पाहू.

पेनासारखी नळी म्हणजे अ‍ॅड्रेनालीनचे स्वयंचलित इंजेक्शन. गांधीलमाशी चावली, एखाद्या औषधाचे इंजेक्शन किंवा कोळंबी-शेंगदाण्यासारखे खाणे सोसले नाही, अंगावर गांधी उठल्या, ओठ-जीभ सुजली, श्वास घरघरू लागला, माणूस कोसळू लागला, तर ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला द्यायचे असते. कपड्यावरूनही देता येते. आपल्याकडे हे पेन सहसा कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही. दवाखान्यात तेच औषध काचेच्या छोट्या कुपीतून सिरिंजमध्ये ओढून देतात. पेन येते ते बहुधा बाहेरून, आणि इथेच पहिला गोंधळ होतो. अमेरिकेतून आलेल्या खोक्यावर अ‍ॅड्रेनालीन हा शब्द सापडतच नाही, तिथे लिहिलेले असते एपिनेफ्रिन. दोन्ही एकाच औषधाची नावे आहेत. मात्र नावाच्या आधी 'नॉर' असेल तर ते औषध वेगळे, ते या कामाचे नाही.

नावाखाली ताकद असते. एपिपेन नावाचे पेन दोन मापांत येते: 0.3 मिलिग्रॅमचे पिवळ्या पट्टीचे आणि 0.15 मिलिग्रॅमचे हिरव्या पट्टीचे. पिवळे 30 किलो आणि त्याहून जास्त वजनाच्या माणसाला, हिरवे 15 ते 30 किलोच्या मुलाला. या पेनाचे निळे टोक म्हणजे वरची सुरक्षा-टोपी आणि नारिंगी टोक म्हणजे सुई बाहेर येणारी बाजू. निळ्या बाजूला अंगठा ठेवून दाबू नका, आणि नारिंगी टोकावर तर मुळीच नको. उलटे धरलेले पेन आपल्याच अंगठ्यात घुसते. दुसऱ्या कंपनीच्या पेनांचे रंग वेगळे असतात, म्हणून रंगावर विसंबण्याआधी नाव वाचा.

दान आलेल्या पेनाबाबत आणखी दोन गोष्टी तपासाव्या लागतात. कधी कधी पेनांसोबत सरावाचे पेनही खोक्यात असते. दिसायला सख्ख्या भावासारखे, पण आत सुई नाही, औषध नाही. त्यावर 'ट्रेनर' असे छापलेले असते. ते शिकण्यासाठी चांगले, पण पेटीत खऱ्या पेनांबरोबर ठेवू नका. दुसरी गोष्ट वापरलेल्या पेनाची. एपिपेन वापरून झाल्यावर नारिंगी टोक लांब होते आणि बाजूची छोटी खिडकी झाकली जाते. पेन हलवले तर आत पाणी हलल्यासारखे वाटते, म्हणून माणूस समजतो की औषध शिल्लक आहे. शिल्लक असतेच. आत 2 मिलिलिटर असतात आणि एका वेळी बाहेर येतात 0.3 मिलिलिटर. पण उरलेले बाहेर काढण्याची सोय पेनात नसते. लांब झालेल्या टोकाचे पेन संपले असेच समजा.

आता नारिंगी डबी. तिच्यावर ग्लुकागॉन हे नाव असते. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाची साखर इतकी उतरली की तो बेशुद्ध पडला किंवा त्याला झटके येऊ लागले, तर त्याच्या तोंडात साखर किंवा सरबत घालता येत नाही, ते श्वासनलिकेत जाते. अशा वेळी हे इंजेक्शन यकृतात साठलेली साखर रक्तात सोडते. इन्सुलिन साखर उतरवते, ग्लुकागॉन चढवते. दोन्ही फ्रीजच्या एकाच कप्प्यात शेजारी पडलेली असतात, म्हणून घाईत हाताला काय लागले ते नाव वाचूनच खात्री करा.

डबी उघडली की आत एक कुपी आणि एक भरलेली सिरिंज दिसते. इथे फसगत होते. सिरिंज भरलेली पाहून माणूस ती सरळ टोचतो, पण सिरिंजमध्ये नुसते पाणी असते. औषध आहे कुपीतल्या पांढऱ्या भुकटीत. पाणी कुपीत सोडायचे, भुकटी पूर्ण विरघळेपर्यंत हलवायचे, पाणी स्वच्छ झाले की परत सिरिंजमध्ये ओढायचे आणि मग मांडीत द्यायचे. ही दोन वेगळी ठेवतात कारण विरघळलेले ग्लुकागॉन टिकत नाही, त्याचा चिकट गोळा होऊ लागतो. म्हणून कालवलेले लगेच वापरायचे, सकाळी कालवून संध्याकाळसाठी ठेवायचे नाही. कालवल्यावर गुठळी किंवा कण दिसले तर ते वापरू नका. दिल्यावर माणसाला कुशीवर वळवा, कारण उलटी होऊ शकते. शुद्धीवर आला की साखरपाणी आणि मग पोळी-भाकरी द्या. उपाशीपोटी दारू घेतलेल्या माणसाच्या यकृतात साखरच उरलेली नसते, तिथे ग्लुकागॉन फारसे काम करत नाही. त्याला शिरेतून ग्लुकोज लागते, म्हणजे दवाखानाच.

मुदतीकडे वळू. इंग्रजी ई, एक्स, पी या तीन अक्षरांपुढे महिना आणि साल असते. 08/2026 म्हणजे 31 ऑगस्ट 2026 पर्यंत. आपल्या देशातल्या औषध नियमांतही महिना-साल लिहिले असेल तर तो महिना संपेपर्यंत असाच अर्थ आहे. परदेशी खोक्यावर 'ऑगस्ट 26' असे असेल तर ती 26 तारीख समजू नका, ते बहुधा साल असते. बाहेरचे खोके, आतले पेन, कुपी, सिरिंज यांच्यावर वेगवेगळ्या तारखा असतील तर सर्वांत आधी येणारी तारीख धरायची.

पण छापलेली तारीख ही अट घालून दिलेली असते. अट असते साठवणुकीची, आणि ती दोन्ही औषधांची उलटी आहे. अ‍ॅड्रेनालीनच्या पेनावर लिहिलेले असते: फ्रीजमध्ये ठेवू नका, 20 ते 25 अंशांत ठेवा, थोडा वेळ 15 ते 30 पर्यंत चालेल, उजेडापासून जपा. थंडीने पेनाची यंत्रणा बिघडू शकते, उष्णतेने औषध. ग्लुकागॉनच्या नारिंगी किटावर सहसा 2 ते 8 अंश, म्हणजे फ्रीजचा मधला कप्पा, आणि बर्फ होऊ देऊ नका असे असते. फ्रीजबाहेर ठेवायची मुभाही असते. युरोपात विकल्या जाणाऱ्या किटावर ती 25 अंशांखाली 18 महिने इतकी आहे. काही देशांच्या खोक्यांवर मुभा वेगळी असते, तिथे हातातल्या खोक्यावरचेच खरे.

एक उदाहरण घेऊ. एका ताईंची मुलगी इन्सुलिनवर आहे. मामाने किट पाठवले, ईएक्सपी 08/2026. फ्रीजमध्ये जागा नव्हती म्हणून 10 नोव्हेंबर 2024 ला ताईंनी ते काढून पोटमाळ्यावरच्या ट्रंकेत ठेवले. खोक्यावर तारीख लिहून ठेवली, हे त्यांनी फार चांगले केले. हिशेब सोपा दिसतो: 10 नोव्हेंबर 2024 पासून 18 महिने म्हणजे 10 मे 2026. छापील मुदत ऑगस्टअखेरची, पण 10 मे आधी येतो, म्हणून 10 मे. मात्र ही मुभा 25 अंशांखालची आहे. घर पत्र्याचे, ट्रंक पत्र्याला जवळजवळ टेकलेली. मार्च-एप्रिल-मे मध्ये तिथे हात लावला तरी चटका बसतो. म्हणजे त्या किटाचा 10 मेचा भरवसा पहिल्याच उन्हाळ्यात गेला. आता परत फ्रीजमध्ये ठेवले तरी गेलेले दिवस परत मिळत नाहीत. भुकटी पांढरी दिसत असली तरी ती डोळ्यांनी तपासता येत नाही. ते किट बदलायलाच हवे. त्याच घरात गांधीलमाशीसाठी आणलेले पेन मात्र फ्रीजच्या दारात, इन्सुलिनशेजारी ठेवले होते. दोन्ही औषधे एकमेकांच्या जागी गेली होती!

फ्रीज नसेल तर ग्लुकागॉन शेजारच्या फ्रीजमध्ये नाव लिहून ठेवा. ते जमत नसेल तर मातीच्या दोन मडक्यांच्या मधे ओली वाळू घालून, आतल्या मडक्यात हवाबंद डब्यात ठेवता येते, पण ते फ्रीज नव्हे. कोरड्या विदर्भी उन्हाळ्यात मडके चांगले गार होते, मुंबईच्या दमट हवेत कमी. आत एक साधा थर्मामीटर ठेवला की अंदाज न करता आकडा वाचता येतो, 25 च्या वर गेला की मुभा संपली. पेनासाठीही हेच मडके चालते, फक्त डबा कोरडा हवा. चुलीजवळची फळी, रिक्षाची डिकी, खिडकीची चौकट यांपैकी कशाचाही उपयोग नाही.

पेनाला एक सोय आहे. बाजूच्या खिडकीतून औषध दिसते. ते पाण्यासारखे स्वच्छ हवे. गुलाबी किंवा तपकिरी छटा, गढूळपणा, कण दिसले तर अ‍ॅड्रेनालीन बिघडले आहे. उलट मात्र खरे नाही: स्वच्छ दिसते म्हणजे पूर्ण ताकदीचे आहे असे नव्हे. महिन्यातून एकदा बघा, उन्हाळ्यात आठवड्यातून.

मुदत उलटलेले पेनच तेवढे हाताशी आहे आणि समोरच्या माणसाचा श्वास कोंडतो आहे, तर काय? औषध स्वच्छ असेल तर तेच द्या आणि 108 ला फोन करा. अशा पेनांत औषध कमी झालेले असते, पण बहुधा पुष्कळ उरलेले असते, आणि काहीच न देण्यापेक्षा ते बरे. पेन दिले तरी दवाखान्यात न्यायचेच, कारण असर उतरल्यावर त्रास परत येऊ शकतो. 5 ते 15 मिनिटांत फरक पडला नाही आणि दुसरे पेन असेल तर तेही देतात. मुदत गेलेल्या ग्लुकागॉनवर मात्र विसंबून वेळ घालवू नका, माणसाला कुशीवर ठेवून गाडी बोलवा.

पेटीच्या झाकणावर आतून कागद चिकटवा: औषधाचे नाव, ईएक्सपी, फ्रीजबाहेर काढल्याची तारीख, शेवटी पाहिल्याची तारीख. नव्या पेनाची सोय होईपर्यंत मुदत गेलेले पेन फेकू नका, पण वेगळ्या पिशवीत 'मुदत संपली' असे लिहून ठेवा. वापरलेले पेन आणि सिरिंज जाड प्लास्टिकच्या बाटलीत घालून जवळच्या सरकारी दवाखान्यात नर्सच्या हातात द्या. कचऱ्याच्या डब्यात टाकले तर सुई सफाईला येणाऱ्या माणसाच्या हातात जाते.