गरोदरपणातला ताप: पहिल्या दिवसाचा रिपोर्ट

पावसाळ्यात गर्भवतीला ताप आला, की त्याच दिवशी डेंग्यूची एनएस-१ चाचणी, मलेरियाची तपासणी आणि सीबीसी करून घ्यावी. सर्दी-खोकला असेल तर फ्लूचाही विचार व्हावा. त्याचे औषध ४८ तासांत सुरू झाल्यास जास्त गुण येतो.

गरोदरपणात रक्त मुळातच पातळ असते. समजा, पहिल्या दिवशी हिमॅटोक्रिट ३२ होता आणि ताप उतरताना ३९ झाला. एरवी ३९ सामान्य वाटेल; इथे मात्र रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपत असल्याची ती खूण आहे. पहिला रिपोर्टच नसेल, तर ही वाढ कळणार कशी? म्हणून डेंग्यूत ताप उतरल्यावरही रक्त तपासत राहावे. पोटदुखी, सतत उलट्या, रक्तस्राव किंवा लघवी कमी झाल्यास तातडीने रुग्णालय गाठावे.