नैरोबीहून परतताना लागणारं पिवळं कार्ड

मुळशी तालुक्यातल्या हिंजवडीहून कामासाठी केनियाला जाणाऱ्यांची नेहमी एक गफलत होते. भारतातून थेट येणाऱ्याकडे केनिया पीतज्वराच्या लशीचा दाखला मागत नाही, म्हणून लस राहून जाते. पण केनिया भारताच्या पीतज्वरग्रस्त देशांच्या यादीत आहे, त्यामुळे परतताना दाखला आपलेच आरोग्य अधिकारी मागतात. तो नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. म्हणून जिथे जायचं त्या देशाचा नियम, वाटेत विमान बदलायचं ठिकाण आणि परतीचा नियम, तिन्ही तपासा.

दाखला लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतो. समजा, १२ जूनला लस घेतली, तर तो २२ जूनपासून ग्राह्य. २० तारखेला मुंबईत उतरलात तर हातात कार्ड असूनही उपयोग नाही. लस फक्त केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रांतच मिळते आणि तिथे आधी वेळ घ्यावी लागते, म्हणून तिकिटाबरोबरच ही तारीख ठरवा. अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी, गरोदरपण किंवा साठीपुढचं वय असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

कार्ड हातात पडताच तिथेच उभं राहून वाचा: नाव आणि क्रमांक पासपोर्टप्रमाणे, लशीचा बॅच क्रमांक, तारीख, सही, केंद्राचा शिक्का. जुन्या कार्डावर दहा वर्षांची मुदत छापलेली असली तरी ११ जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं, त्यामुळे ते फेकू नका.