मे महिन्यातले मालिशचे तेल

गेल्या मे महिन्यात आमची धाकटी बहीण बाळंतपणासाठी लातूरहून माहेरी नांदेडला आली. मुलगी झाली, घरात आनंदीआनंद झाला आणि सहाव्या दिवसापासून मालिश सुरू झाली. मालिशला येणाऱ्या खाला अनुभवी होत्या. आमच्या गल्लीतली निम्मी मुले त्यांच्या मांडीवर आंघोळ करून मोठी झाली आहेत. त्या सकाळी तेल लावायच्या, आंघोळ घालायच्या आणि पुन्हा एक हलका हात फिरवून बाळाला दुपट्यात गुंडाळायच्या. घरात पाहुण्यांची ये-जा होती, म्हणून अम्मींनी तेलाच्या वाटीत गुलाबाच्या अत्तराचे चार थेंब टाकायला सांगितले. बाळाचा वास किती छान येतो, असे सगळेच म्हणत.

तिसऱ्या आठवड्यात बाळाच्या मानेवर, पाठीवर आणि जांघेत बारीक लाल पुरळ उठले. खाला म्हणाल्या, अंगातली उष्णता बाहेर पडते आहे, आणखी तेल जिरवा. तेल जिरवले, पुरळ वाढले, बाळ रात्रभर किरकिरायला लागले. बालरोगतज्ज्ञांनी पाहताक्षणी दोनच प्रश्न विचारले: आंघोळीनंतर तेल लावता का? आणि त्यात काय घालता?

त्या घामोळ्या होत्या. घाम ज्या बारीक नळ्यांतून कातडीवर येतो त्या तोंडाशी बंद झाल्या की घाम आतच अडकतो आणि तिथे दाणा उठतो. तान्ह्या बाळाच्या या नळ्या अजून कच्च्या असतात, त्यात नांदेडचा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांचा उन्हाळा, वर तेलाचा थर आणि त्यावर दुपटे. अत्तराने आणखी चुरचुर झाली. औषध फारसे नव्हतेच. तेल बंद, सैल सुती झबले, कोमट पाण्याने अंग पुसणे आणि हवेशीर खोली. चार दिवसांत पाठ साफ झाली. दाण्यांत पू दिसला किंवा ताप आला तर मात्र घरी थांबायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते.

अम्मींना वाईट वाटले. त्यांनी आम्हा चारही भावंडांना अशीच मालिश करवली होती, असे त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. हिशेब केला तेव्हा लक्षात आले की आम्ही चौघेही दिवाळी ते फेब्रुवारी या काळात जन्मलेलो. तेल तेच होते, महिना वेगळा होता.

तेव्हापासून आमच्या घरात उन्हाळ्यात तेल आंघोळीच्या आधी लागते, नंतर नाही. बाळाला दहा मिनिटे, मोठ्यांना वीस-पंचवीस मिनिटे, तेही पंख्याखाली, कूलरच्या थेट झोतात नव्हे. मग मसुराच्या डाळीचे पीठ किंवा बेसन पाण्यात कालवून त्याने तेल काढायचे. बाळाला पीठ नको, मऊ ओला कपडा पुरे. अंगावर तुकतुकी राहावी, हाताला चिकटपणा लागू नये. जुम्म्याच्या गुस्लआधी मालिश करायची आमच्याकडे सवय आहे, ती यात नीट बसते. तेलाने वुजू होतो का, असे शेजारच्या भाभी विचारत होत्या. पाणी कातडीवरून सरकत असले तरी कातडी भिजते, म्हणून नुसत्या तेलकटपणाने अडत नाही. मेण किंवा ग्रीससारखा थर असेल तर तो काढावा लागतो.

आता तेल कोणते? बहिणीच्या सासरी, लातूरकडे, जुन्या लोकांचे तेल म्हणजे करडईचे. मराठवाड्याच्या काळ्या रानात रब्बीला करडई असायचीच, आणि लातूरला परभणीच्या कृषी विद्यापीठाचे तेलबिया संशोधन केंद्र आहे ते काही उगाच नाही. आता सोयाबीन आणि हरभऱ्याने करडईला बांधावर ढकलले आहे, तरी लाकडी घाण्यावर ते तेल मिळते. करडईचे तेल पातळ आणि हलके असते, लवकर पसरते, चिकचिक करत नाही. त्यात सुमारे सत्तर टक्के लिनोलिक आम्ल असते आणि कातडीचे स्वतःचे संरक्षक आवरण बांधायला ते उपयोगी पडते. ढाक्यातल्या शिशु रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना सूर्यफुलाच्या तेलाची हलकी मालिश करून पाहिली, त्या बाळांत जंतुसंसर्ग कमी आढळला. 2005 साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. सूर्यफूल आणि करडई घडणीने जवळची बहिणी आहेत. पण तो अभ्यास सूर्यफुलावरचा आणि दवाखान्यातला होता, एवढे लक्षात ठेवून बोलावे.

करडईची खोड अशी की ती लवकर खवट होते. ज्या गुणामुळे ती हलकी, त्याच गुणामुळे हवा लागली की ती बिघडते; रंगाच्या कारखान्यात वाळणारे तेल म्हणून तिचा उपयोग होतो तो त्यामुळेच. ओळखायला सोपे आहे. बाटलीच्या तोंडाला बोट लावा. तिथे डिंकासारखी चिकट कड जमली असेल आणि वास जुन्या रंगाच्या डब्यासारखा येत असेल तर ते तेल अंगालाही नको आणि कढईतही नको. म्हणून बहीण आता पाव लिटरच घेते आणि उन्हाळ्यात तीन-चार आठवड्यांत संपवते.

तिळाचे तेल याच्या उलट. ते थोडे जड, वैद्यांच्या भाषेत उष्ण, पण टिकाऊ. तिळात सेसमॉलसारखे काही घटक असतात, ते तेलाला खवट होण्यापासून वाचवतात. म्हणून औषधी पाला-मुळ्या घालून शिजवायचे तेल बहुधा तिळाचेच असते. भाजलेल्या तिळाचे गडद तेल स्वयंपाकाचे; मालिशला कच्च्या तिळाचे फिकट पिवळे घ्यावे. फसवणूक मात्र यात फार होते. घाण्यावर साधारण अडीच किलो तिळातून लिटरभर तेल निघते. त्या दिवशीच्या बाजारात अडीच किलो तीळ कितीला पडतात ते विचारा. पेंडीचे थोडे पैसे सुटतात, हे धरूनही लिटरभर तेल त्याहून बरेच स्वस्त मिळत असेल तर बाटलीत दुसरेच काही आहे.

खोबरेल आमच्याकडे केसांना लागते. हिवाळ्यात ते गोठते, उन्हाळ्यात पाण्यासारखे होते, सहसा खवट होत नाही. पण ज्यांना पाठीवर फोड येतात त्यांच्या पाठीवर ते आम्ही लावत नाही. मोहरीचे तेल मे महिन्यात कोणालाच नको. त्याची झणझण कातडीला आग आणते.

सुगंधाचा प्रश्न आमच्या घरात जास्त नाजूक निघाला, कारण अत्तराच्या कुप्या कोणत्या मुस्लिम घरात नसतात? महाराष्ट्रात अत्तार आडनावाची घरे पिढ्यान्‌पिढ्या याच धंद्यावर उभी राहिली. जुन्या पद्धतीत, कनौजला अजूनही करतात तशी, देगेत फुले आणि पाणी उकळून वाफ नळीने भपक्यात नेतात आणि भपक्यात चंदनाचे तेल असते. ते सुगंध पिऊन घेते. चंदन महाग झाले, तेव्हा त्याच्या जागी पातळ पॅराफिन किंवा डीपीजी नावाचे द्रव आले आणि स्वस्त कुप्यांत बहुतेक सुगंध कारखान्यातला असतो. कपड्याला लावायला त्यात वाईट काही नाही. पण अंगभर चोळायच्या तेलात काय जाते आहे ते कुपी पाहून कळत नाही, घरी ओळखायची युक्तीही नाही. म्हणून अत्तर कपड्यावर आणि मालिशच्या तेलात वाळा, अशी आम्ही वाटणी केली.

वाळ्याचे तेल आम्ही असे करतो. काष्ठौषधीच्या दुकानातून पन्नास ग्रॅम वाळा आणतो. कूलरच्या जाळीचा नको, त्यावर कधी कधी रंग आणि हिरवे अत्तर मारलेले असते. खरी मुळी पिवळट तपकिरी असते आणि ओली केली की पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास देते. मुळ्या धुऊन, बारीक कापून रात्रभर आठशे मिलिलिटर पाण्यात भिजत घालायच्या. सकाळी पाणी गाळून ठेवायचे आणि मुळ्या खलबत्त्यात कुटून त्यांचा चोथा करायचा. मग रुंद स्टीलच्या पातेल्यात दोनशे मिलिलिटर तिळाचे तेल, तो चोथा आणि ते पाणी एकत्र करून मंद आचेवर ठेवायचे. म्हणजे औषध एक भाग, तेल चार, पाणी सोळा. वैद्यांचे जुने माप हेच आहे. तांब्या-लोखंडाचे भांडे टाळावे, त्या धातूंच्या संगतीने तेल लवकर बिघडते.

दोन-अडीच तास लागतात आणि शेवटचा अर्धा तास पातेल्याजवळून हलायचे नाही, कारण चोथा तळाला लागतो. पाणी असेपर्यंत तेल मोठ्याने बुडबुडत असते. मग आवाज मंदावतो आणि बारीक फेस येऊ लागतो. आता चिमूटभर चोथा काढून, निवू देऊन बोटांत वळा. वात वळली गेली तर अर्धे काम झाले. ती वात चिमट्याने ज्योतीवर धरा: चुरचुर, तडतड आवाज आला तर आत पाणी आहे, तेल आणखी शिजवा. गुपचूप जळली की गॅस लगेच बंद. आम्ही पहिल्यांदा कंटाळून ही परीक्षा गाळली आणि दहा दिवसांत बाटलीच्या तळाला आंबूस वासाचा गढूळ थर जमला. दुसऱ्यांदा भीतीने जास्त शिजवले, तर तेलाला धुराचा वास लागला. तिसऱ्यांदा जमले.

कोमट असतानाच मलमलीतून गाळून, कोरड्या, गडद रंगाच्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरायचे आणि चुलीपासून लांब ठेवायचे. वास मंद असतो. बराचसा वाफेबरोबर उडून जातो. तेवढा पुरत नसेल तर पूर्ण निवल्यावर शंभर मिलिलिटरला रूह खसचे दहा थेंब, म्हणजे साधारण अर्धा टक्का, बस. रूह म्हणजे चंदन वगैरे न मिसळता काढलेला शुद्ध अर्क. गुलाब किंवा लॅव्हेंडरचा अर्क घेतला तरी माप हेच. लवंग-दालचिनीचे अर्क उन्हाळ्यात टाळावेत, ते कातडी भाजतात. लिंबाच्या सालीचे तेल लावून उन्हात गेलात तर तिथे काळे डाग पडू शकतात. कापूर आणि निलगिरी लहान मुलांच्या जवळही नेऊ नयेत. पोटात गेलेल्या थोड्याशा कापरानेही मुलांना झटके येतात.

नवीन तेल आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहायची. अब्बांना ते चालले. त्यांच्या पायांची कातडी कोरडी पडून रात्री खाजायची, आता आंघोळीआधीच्या वाळ्याच्या तेलाने ती कमी आहे. बाळाला मात्र वर्षभर बिनवासाचे, ताजे करडईचेच तेल. खाला सुरुवातीला रुसल्या होत्या. परवा त्या दुसऱ्या एका घरी मालिशला जाताना आमच्याकडे थांबल्या आणि रिकामी बाटली पुढे करून म्हणाल्या, लातूरहून कोणी येणार असेल तर पाव लिटर मलाही आणा.