शिळा भात, लसणाचं तेल आणि आजीचं नाक

मे महिन्यात सोलापुरात रात्री दहा वाजताही स्वयंपाकघराची भिंत हाताला गरम लागते. अशाच एका रात्री आजीनं उरलेल्या भाताचं पातेलं झाकून ओट्यावर ठेवलं. सकाळी फोडणीचा भात करायचा होता. अन्नशास्त्र शिकणारी नात सुट्टीला आली होती. ती पातेलं फ्रीजकडे नेऊ लागली, तेव्हा आजी म्हणाली, "राहू दे गं. सकाळी वास घेऊन बघते. आणि फोडणीत नीट परतला की काही शिल्लक राहत नाही त्यात."

नातीनं आधी दुधाचा विषय काढला. आजी गवळ्याकडचं सुटं दूध आल्याआल्या उकळते, उतू जाण्याच्या बेताला येईपर्यंत. ही सवय अगदी बरोबर आहे. कच्च्या दुधातून क्षयाचे किंवा ब्रुसेलोसिसचे जंतू येऊ शकतात, आणि ते उकळीत मरतात. आजी खूश झाली. "मग भाताचं वेगळं काय?"

वेगळं असं की भातात बॅसिलस सेरिअस नावाचा जंतू असू शकतो. तो मातीतला, तांदळाबरोबर घरात येतो. परिस्थिती प्रतिकूल झाली की तो स्वतःभोवती टणक कवच तयार करतो. या कवचबंद रूपाला बीजाणू म्हणतात, आणि भात शिजतो तेवढ्या उष्णतेत ते मरेलच असं नाही. भात कोमट झाला की बीजाणू जागे होतात, जंतू वाढतात आणि त्यांच्यातले काही भातातच विष सोडतात. उन्हाळ्यातली रात्र त्यांना फार मानवते. सकाळच्या फोडणीत जंतू मरतील, पण उलटी आणणारं ते विष उष्णतेला दाद देत नाही. त्याला वासही नसतो. खाल्ल्यावर साधारण अर्ध्या ते सहा तासांत उलट्या सुरू होतात आणि घरात दोष जातो तो "काहीतरी बाधलं" याला.

"मग माझी आई जन्मभर शिळा भात खात होती, ती?" आजीचा प्रश्न रास्त होता. दर वेळी विष तयार होतंच असं नाही. कित्येकदा काहीही होत नाही, म्हणून तर सवय टिकते. शिवाय आजीच्या आईकडे भात मोजून शिजायचा, उरायचा तो घासभर, आणि घासभर भात लवकर निवतो. पातेलंभर भात मधोमध तासन्‌तास कोमट राहतो.

म्हणून नातीनं भात परातीत पातळ पसरला. वाफ गेल्यावर तो उथळ डब्यात भरून फ्रीजमध्ये गेला. शिजल्यापासून दोन तासांच्या आत हे व्हावं, आणि पारा बत्तिशीच्या वर असेल तर तासाभरातच. दुसऱ्या दिवशी त्याच भाताला फोडणी द्यावी, वाफाळेपर्यंत परतावा आणि पुन्हा उरवू नये.

फ्रीजवर एक बरणी होती: सोललेला लसूण, वर तेल. बाहेरच ठेवलेली, दोन आठवड्यांपूर्वीची. आजीचा हिशोब लोणच्याचा होता, की तेलाखाली सगळं टिकतं. पण लोणचं टिकतं ते मिठानं आणि कैरीच्या किंवा लिंबाच्या आंबटपणानं. वरचं तेल हवा अडवतं, त्यामुळे बुरशी धरत नाही. ओला चमचा घालू नये हा आजीचा दंडक याच हिशोबात बसतो, कारण पाण्यानं मीठ आणि आंबटपणा पातळ होतो. शेंगाची चटणी टिकते कारण तिच्यात पाणी जवळजवळ नसतंच.

लसणाच्या त्या बरणीत मीठ नव्हतं, आंबट काही नव्हतं, ओलावा मात्र होता. लसणाला चिकटून मातीतला क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम येऊ शकतो, आणि त्याचे बीजाणू नेमके हवा नसलेल्या जागीच वाढतात. तेलानं त्याला तशी जागा करून दिली. त्याचं विष नसांवर काम करतं: नजर धूसर होते, दोन-दोन दिसतं, गिळता येत नाही, पुढे श्वास अडतो. असं कधी झालं तर घरगुती उपाय करत बसू नये, थेट रुग्णालय गाठावं. हा आजार क्वचित होतो, पण झाला तर जीव घेऊ शकतो.

"वास तर छान येतोय," आजी झाकण उघडत म्हणाली. नातीनं तिचा हात धरला. चव घेऊन पाहण्याजोगी ही गोष्ट नव्हती. बरणी केराच्या डब्यात गेली.

तेलात लसूण हवाच असेल तर थोडा करावा, फ्रीजमध्ये ठेवावा आणि चार दिवसांत संपवावा. बाहेर राहिलेली बरणी वास न घेता, चव न पाहता टाकून द्या.